‘टेन्शन घेऊ नको’ म्हणणं बंद करा

दहावीच्या पेपरच्या सकाळी पोरांना सगळ्यात जास्त टेन्शन देणारं वाक्य कोणतं असेल, तर ते आहे ‘टेन्शन घेऊ नको’. हे वाक्य प्रेमाने म्हटलं जातं, आणि अडचण तिथेच आहे. रागावून म्हटलं असतं तर पोराने मनातल्या मनात एक शिवी हासडून विषय संपवला असता. प्रेमाने दिलेलं ओझं मात्र खाली ठेवता येत नाही. ते घेऊनच वर्गात जावं लागतं.

हा लेख आई-बापांसाठी आहे, पण वाचणार तुम्ही. तुम्हालाच सांगायचंय, कारण हे मेसेज टाइप करणारे आपणच असतो. आपल्या जळगाव-धुळ्याच्या घरांत पप्पांना काय म्हणायचंय ते पप्पा सांगतात, आणि पुण्याला आयटीत असलेला दादा किंवा नाशकात नर्सिंग करणारी ताई ते नीट शुद्ध मराठीत, दोन फुलं आणि एक गणपती लावून धाकट्याला पाठवते. माझ्या घरात हे काम माझ्याकडे आहे. त्यामुळे असे मेसेज मी बरेच पाहिलेत. नातेवाइकांच्या आणि मित्रांच्या ग्रुपवर दर फेब्रुवारीत येणाऱ्या मेसेजची गोळाबेरीज केली, तर साधारण हे हाती लागतं:

‘बाळा, आज तुझ्या आयुष्यातली पहिली मोठी परीक्षा. तुझ्यासाठी आम्ही खूप कष्ट घेतलेत. आमचा तुझ्यावर पूर्ण विश्वास आहे. अजिबात टेन्शन घेऊ नको. शांत डोक्याने लिही, सिली मिस्टेक करू नको. तू हुशार आहेस, ९० च्या वर नक्की. पेपर सुटल्यावर लगेच फोन कर. ऑल द बेस्ट!’

वाचायला किती गोड आहे! पण आमच्या धंद्यात दुसऱ्याने लिहिलेला कोड ओळ-ओळ तपासून बघायची सवय लागते. दिसतो छान, पण चालवल्यावर काय करतो, हा प्रश्न. या मेसेजलाही तोच प्रश्न विचारू. सकाळी साडेनऊ वाजता पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीच्या डोक्यात ही प्रत्येक ओळ काय करते?

‘आयुष्यातली पहिली मोठी परीक्षा.’ हे तिला माहीत आहे. बातम्यांनी, क्लासच्या फ्लेक्सने आणि दारावरून जाणाऱ्या प्रत्येक काकांनी वर्षभर सांगितलंय. आज परत सांगून नवीन काहीच मिळत नाही. पेपरचा आकार तेवढा वाढतो.

‘तुझ्यासाठी आम्ही खूप कष्ट घेतलेत.’ हे खरं आहे. पण पेपरच्या सकाळी सांगितलेलं खरं हे बिल होतं. आता ती पेपर लिहायला चाललेली नाही, उधारी फेडायला चालली आहे.

‘आमचा तुझ्यावर पूर्ण विश्वास आहे.’ या ओळीवर मला जास्त वेळ थांबायचंय, कारण हिच्याविरुद्ध बोलणारा माणूस दगडाच्या काळजाचा वाटतो. १९९८ मध्ये जेनिफर बटलर आणि रॉय बाउमाइस्टर या दोन मानसशास्त्रज्ञांनी काही प्रयोग प्रसिद्ध केले. लोकांना एक अवघड काम द्यायचं. काहींच्या समोर त्यांची बाजू घेणारे, त्यांना यश मिळावं असं वाटणारे प्रेक्षक बसवायचे, काहींच्या समोर तटस्थ. अपेक्षा अशी, की आपली माणसं समोर असली की काम सुधारेल. झालं उलटं. आपल्या माणसांसमोर लोक जास्त सावध झाले, हळू झाले आणि त्यांचं काम बिघडलं. गंमत पुढे आहे. त्या लोकांना स्वतःला मात्र वाटत होतं, की या प्रेक्षकांमुळे आपल्याला बरं वाटलं, ताण कमी झाला.

हा प्रयोग व्हॉट्सॲपच्या शुभेच्छांवर केलेला नाही आणि तो खान्देशातही झालेला नाही. तरी त्यातलं कारण आपल्या घराला नीट लागू पडतं. अनोळखी माणसासमोर हरलो तर आपलंच नुकसान. आपल्यावर विश्वास टाकणाऱ्यासमोर हरलो तर त्याचाही विश्वास मोडतो. म्हणजे ‘विश्वास आहे’ म्हणताना आपण मुलीला धीर देतो, आणि त्याच वेळी तिच्या हातात सांभाळायला एक काचेचं भांडं देतो. तिला विचाराल तर ती म्हणेल, ‘पप्पांच्या मेसेजने छान वाटलं.’ खोटं बोलत नसते ती. तिला तसं वाटतंच. म्हणून तर ही चूक कुणाच्या लक्षात येत नाही.

‘अजिबात टेन्शन घेऊ नको.’ १९८७ मध्ये डॅनियल वेग्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांना एक साधी सूचना दिली: पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही, आणि आलाच तर घंटी वाजवायची. घंट्या वाजत राहिल्या. कारणही साधं आहे. अस्वल आलं नाही ना, हे तपासायचं तर आधी अस्वल आठवावं लागतं. ‘टेन्शन घेऊ नको’ हे आपल्या घरातलं पांढरं अस्वल. मुलगी बेंचवर बसते, छाती धडधडते. ही धडधड तशी काही वाईट नसते. शरीर कामाला लागलंय, एवढाच तिचा अर्थ. पण आता तिला वाटतं, अरे, टेन्शन आलं! पप्पा तर नको म्हणाले होते. एका धडधडीवर दुसरी चढली.

‘सिली मिस्टेक करू नको.’ कोणती? सिली मिस्टेक ठरवून कोणी करत नाही. ती कळते पेपर तपासल्यावर. आधीच टाळायची म्हणजे सतत मागे वळून बघत चालायचं. रस्त्यावर असं चालणारा माणूस धडपडतो.

‘९० च्या वर नक्की.’ यावर वेगळं बोलायला हवं, कारण आकडा डोक्यात नेमकं काय करतो हे उदाहरण सोडवूनच दिसेल.

गणित भाग १ चा पेपर. ४० गुण, दोन तास, अकरा वाजता सुरू. समोर एक वर्गसमीकरण आहे:

x² − 15x + 54 = 0

अवयव पाडायचे. म्हणजे अशा दोन संख्या शोधायच्या, ज्यांचा गुणाकार ५४ आणि बेरीज १५. मनात जोड्या फिरवाव्या लागतात. १ आणि ५४, बेरीज ५५, नाही. २ आणि २७, बेरीज २९, नाही. ३ आणि १८, बेरीज २१, नाही. ६ आणि ९, बेरीज १५, सापडलं. आता चिन्ह: मधलं पद ऋण, शेवटचं धन, म्हणजे दोन्ही संख्या ऋण. मग (x − 6)(x − 9) = 0, उत्तर x = 6 किंवा x = 9.

हे करताना तिला एका वेळी मनात काय काय धरावं लागलं ते मोजा. ५४ हा गुणाकार, १५ ही बेरीज, आत्ता तपासत असलेली जोडी, बाद झालेल्या जोड्या आणि चिन्हांचा नियम. मनात अशा गोष्टी तात्पुरत्या धरून ठेवायची जागा प्रत्येकाकडेच थोडी असते. हुशार पोराकडेही ती काही गोदामाएवढी नसते. मानसशास्त्रात तिला कार्यस्मृती म्हणतात. मी तिला हातातली ओंजळ म्हणतो. काळजी याच ओंजळीत येऊन बसते. ‘हे तीन गुण गेले तर ९० होणार नाहीत’ हा विचार आला, की ओंजळीतली एक गोष्ट सांडते. बहुतेक वेळा चिन्हच सांडतं. मुलगी (x + 6)(x + 9) लिहून पुढच्या प्रश्नाला जाते. आणि घरी आपण म्हणतो, ‘येत होतं गं तुला, सिली मिस्टेक केलीस.’

तिला येत होतं, हे बरोबरच आहे. ओंजळीत आपण आकडा टाकला होता, म्हणून चिन्हाला जागा उरली नाही.

याची दुसरी बाजूही तपासली गेली आहे. शिकागो विद्यापीठातल्या जेरार्डो रामिरेझ आणि सायन बायलॉक यांनी २०११ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक अभ्यास मांडला. परीक्षेच्या अगदी आधी विद्यार्थ्यांना दहा मिनिटं दिली आणि परीक्षेबद्दल जी काही भीती वाटतेय ती कागदावर लिहायला सांगितली. नववीच्या वर्गांतही हे करून बघितलं. ज्या मुलांना परीक्षेची जास्त धास्ती असते, त्यांना याचा चांगला फायदा झाला. म्हणजे ‘भीती बाळगू नको’ या सूचनेपेक्षा ‘हो, भीती वाटतेय, ही बघ लिहिली’ हे उपयोगी पडलं. आपला सकाळचा मेसेज बरोबर याच्या उलट वागतो. तो भीतीला दार बंद करतो, आणि भीती आतच राहते.

इथवर आलं, की दोन आक्षेप हमखास येतात. दोन्ही खरे आहेत, म्हणून टाळून चालणार नाही.

पहिला आक्षेप: ‘मार्कांना काही अर्थ नसतो, असं पोरांना सांगायचं का मग?’ अजिबात नाही. उलट माझं भांडण त्या लोकांशीही आहे. दर परीक्षेला सिंगापूरच्या कुठल्याशा मुख्याध्यापकांचं पालकांना पत्र फिरतं: तुमच्या मुलांत एखादा कलाकार असेल, त्याला गणिताची गरज नाही, वगैरे. त्या मुख्याध्यापकांचं नाव त्यात नसतं. त्याच्याच शेजारी अब्राहम लिंकनचं हेडमास्तरांना पत्र. वसंत बापटांच्या मराठी रूपामुळे ते महाराष्ट्रभर शाळांच्या भिंतीवर चढलं, पण ते लिंकनने लिहिल्याचा काही पुरावा नाही. ही पत्रं ज्यांच्या पोरांचं काहीही झालं तरी चालणार असतं, त्यांना शोभतात. घरचं दुकान आहे, पुण्यात फ्लॅट आहे, पोरगा चित्रकार झाला तरी जेवणार आहे.

शिंदखेड्याच्या किंवा अमळनेरच्या बाजूला ज्याची दोन-तीन एकर कोरडवाहू कपाशी आहे, किंवा जो सुरतेला उधना-लिंबायतमध्ये लूमवर बारा तास उभा असतो, त्याच्या पोराला ‘मार्क महत्त्वाचे नाहीत’ सांगणं ही फसवणूक आहे. पोराला दिसतं ना, बाप कुठे उभा आहे ते. दहावी ही त्याच्यासाठी सुरतच्या गाडीत न बसण्याची एक संधी आहे. मार्कांना अर्थ आहे, आणि तो अर्थ आपल्याकडे शहरापेक्षा जास्त आहे. म्हणून खोटा दिलासा नको. माझं म्हणणं इतकंच, की जे खरं आहे ते सांगायची वेळ पेपरची सकाळ नव्हे.

दुसरा आक्षेप: ‘थोडा दाब लागतोच. आम्हीही मार खाऊनच शिकलो.’ ठीक आहे, धरून चालू की दाब लागतो. पण कधी? जूनमध्ये बसून वेळापत्रक करायला दाब कामाचा. दिवाळीनंतर मोबाइल बाजूला ठेवायला दाब कामाचा. त्या दाबाने अभ्यास वाढू शकतो, कारण अभ्यास करायला अजून दिवस हातात असतात. पेपरच्या सकाळी अभ्यासच संपलेला आहे. आता दाबाने वाढण्यासारखं काही उरलेलं नाही. सांडण्यासारखं मात्र बरंच आहे. आमच्याकडे नवीन आवृत्ती लोकांसाठी खुली करायच्या दिवशी कोडला कोणी हात लावत नाही. कितीही चांगली सुधारणा सुचली तरी ती पुढच्या वेळी. त्या दिवशी फक्त जे तयार आहे ते नीट बाहेर पडू द्यायचं. मॅनेजर मागे उभा राहून ‘माझा तुझ्यावर विश्वास आहे, क्लायंट बघतोय’ म्हणायला लागला, की पट्टीचा माणूससुद्धा चुकीच्या विंडोत टाइप करतो.

आणि एक तिसरी गोष्ट आहे, जी आक्षेप म्हणून कोणी बोलत नाही, पण घरात असते. आपल्याकडे मुलींना वर्षभर हसत-हसत एक वाक्य ऐकवलं जातं: ‘नापास झालीस तर लगीन लावून देऊ.’ म्हणणाऱ्याला ती गंमत वाटते. ऐकणारीने मागच्या वर्षी शेजारच्या बाकावरची मैत्रीण नववीनंतर शाळेत न आलेली बघितलेली असते. तिच्यासाठी ती गंमत नसते, ती माहिती असते. अशा मुलीला पेपरच्या सकाळी ‘टेन्शन घेऊ नको बेटा’ म्हणण्याला काय अर्थ आहे? वर्षभर टांगलेली तलवार तशीच ठेवून खाली उभं राहणाऱ्याला ‘वर बघू नको’ म्हणण्यासारखं आहे ते. आधी तलवार उतरवा. आणि ते पेपरच्या सकाळी होत नाही. त्याला एक संध्याकाळ लागते, निदान पंधरा दिवस आधीची. त्या संध्याकाळी बापाने समोर बसून स्पष्ट सांगावं लागतं: काहीही निकाल लागला तरी तुझी शाळा सुटणार नाही.

त्याच संध्याकाळी उरलेलं खरंही सांगून टाकावं. एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीवर अकरावीला प्रवेश मिळतो. निकालानंतर त्याच वर्षी पुरवणी परीक्षा होते, वर्ष वाया जातंच असं नाही. हे नियम आहेत, दिलासे नाहीत. बऱ्याच घरांत ते कोणाला माहीतच नसतात. आपल्याकडे नापास या शब्दाचा अर्थ अजून आजोबांच्या काळचाच आहे, सगळं संपलं असा. पण हेही पेपरच्या सकाळी बोलायचं नाही. सकाळी साडेनऊला ‘राहिलास तरी पुरवणी आहे’ असं कळलं, की पोराला एकच ऐकू येतं: पप्पांना वाटतंय मी राहणार.

मग सकाळी उरतं काय? फार थोडं. आणि ते थोडं असावं, हाच मुद्दा आहे.

मला विचाराल तर सकाळच्या मेसेजमध्ये फक्त अशा गोष्टी असाव्यात, ज्या पोराला सांभाळाव्या लागत नाहीत. विश्वास सांभाळावा लागतो, आकडा गाठावा लागतो, कष्ट फेडावे लागतात. पण ‘दीड वाजता मी गेटजवळ आहे’ हे वाक्य घ्या. यात पोराला काहीच करायचं नाही. बापाला करायचंय. पेपर कसाही गेला तरी हे वाक्य खरं राहणार आहे, आणि हीच त्याची खरी ताकद आहे. परीक्षेच्या पलीकडे एक पक्की जागा आहे, वेळ ठरलेली आहे, माणूस ठरलेला आहे, आणि तिथे पोचायला कुठलेही गुण लागत नाहीत.

सुरतेच्या बापाला गेटवर येता येत नाही. ताप्ती लाइनच्या गाडीने यायचं तर दोन दिवसांचा खाडा पडतो. त्याने काय पाठवावं? मी एका ओळखीच्या घरासाठी गेल्या वर्षी हे काम केलं. वडील सुरतेला, आई आणि मुलगा धुळे जिल्ह्यात गावी, फोन आईकडे. वडिलांनी मला फोनवर बरंच सांगितलं: कष्ट, विश्वास, इंजिनिअर, सगळं. मी म्हटलं, ‘काका, टाइप करत नाही. तुम्हीच बोलून पाठवा. आणि घरी बोलता तसंच बोला.’ त्यांनी पाठवलेला आवाज दहा सेकंदांचाही नव्हता:

‘पेपर दी ये. घर वरणबट्टी शे. रातले मी फोन करस.’

मराठीत सांगायचं तर: पेपर देऊन ये, घरी वरणबट्टी आहे, रात्री मी फोन करतो. बस्स.

यात तीन गोष्टी नकळत बरोबर झाल्या आहेत. पहिली, भाषा. हा बाप मुलाशी आयुष्यभर अहिराणीत बोललाय. त्याच्या नावाने एकदम ‘प्रिय बाळा, तुझ्या उज्ज्वल यशासाठी’ असा मेसेज आला, की पोराला तो बापाचा वाटतच नाही, शाळेच्या नोटिशीचा वाटतो. घरातला माणूस अचानक पुस्तकी बोलायला लागला, की पोरं ओळखतात, काहीतरी गंभीर चाललंय. तुमच्या घरी लेवा बोली असेल तर लेवा बोलीत बोला, तावडी असेल तर तावडीत. शुद्धलेखनाचे गुण पोराला मिळवू द्या, तुम्हाला नकोत.

दुसरी, फोन कोण करणार. ‘सुटल्यावर लगेच फोन कर’ म्हटलं, की पोराला गेटबाहेर पडायच्या आधीच जबाब तयार करावा लागतो. शेवटची दहा मिनिटं प्रश्न तपासायची असतात. पोरगं तिथे ‘पप्पांना काय सांगू’ याची जुळवाजुळव करत बसतं. ‘रात्री मी फोन करतो’ यात ती जबाबदारी बापाकडे गेली, आणि मध्ये सात-आठ तासांची मोकळी दुपार मिळाली.

तिसरी, तिला उत्तर द्यावं लागत नाही. ज्या मेसेजला ‘हो पप्पा, नक्की’ असं म्हणावं लागतं, तो मेसेज शुभेच्छा नसून करार असतो. आणि सही केलेला करार पोरं विसरत नाहीत.

वेळेचंही एक सांगतो. अकराच्या पेपरला साडेदहाला केंद्रावर हजर राहावं लागतं. खेड्यातल्या पोराचं केंद्र दुसऱ्या गावात असेल तर एसटी किंवा कालीपिली पकडायला साडेआठलाच निघावं लागतं. त्या घाईत हॉल तिकीट, पॅड, दोन पेन, पाण्याची बाटली एवढंच डोक्यात असायला हवं. म्हणून जे काही बोलायचं ते चहाबरोबर, निघायच्या बऱ्याच आधी. पायात चप्पल घालताना काहीही बोलू नका. आणि आत्या, मामा, काका या सगळ्यांना आदल्या रात्रीच सांगून टाका, की सकाळी फोन नको. प्रत्येकाचा फोन दोन मिनिटांचाच असतो, पण प्रत्येक जण आपापलं काचेचं भांडं देऊन जातो.

आता खरी कसोटी. ती सकाळी नसते, दुपारी असते. २०२५ ची दहावीची लेखी परीक्षा २१ फेब्रुवारीला सुरू झाली आणि १७ मार्चला संपली. म्हणजे ही एक सकाळ नाही, साडेतीन आठवड्यांत विखुरलेल्या अनेक सकाळी आहेत. पहिल्या दिवशी तुम्ही कितीही छान, शांत मेसेज पाठवलात आणि दुपारी घरात शिरताच ‘कसा गेला? किती पडतील? दाखव प्रश्नपत्रिका’ केलंत, तर पोराला सकाळच्या मेसेजचा खरा अर्थ कळतो. दुसऱ्या पेपरपासून तुमच्या शांत शब्दांवर तो विश्वास ठेवत नाही. तो दुपारची तयारी सकाळपासूनच करतो.

हे घडलंय का, ते ओळखायच्या खुणा आहेत. पोरगं प्रत्येक पेपरला ‘सोपा होता’ एवढंच म्हणतं. मित्रांशी उत्तरं जुळवत गेटवरच अर्धा तास काढतं आणि घरी यायला उशीर करतं. किंवा घरी येऊन आधी तुमच्याऐवजी आईला विचारतं, ‘पप्पा कुठंय?’ यातलं काही दिसलं, तर मेसेज बदलून उपयोग नाही. दुपार बदला. प्रश्नपत्रिका मागू नका, शेवटचा पेपर होईपर्यंत ती कपाटात राहू द्या. झालेल्या भूमितीचं उत्तर चुकलं हे कळून विज्ञानाच्या पेपरला काहीही मदत होत नाही.

कुणी म्हणेल, एवढा काटेकोर हिशेब कशाला, शुभेच्छाच तर आहेत. पण हिशेब मी नवीन काढलेला नाही. आपल्या घरांत तो आधीपासून होता, स्मार्टफोन आल्यावर बिघडला. आजी पेपरला निघालेल्या पोराच्या तळहातावर दही-साखर ठेवायची. त्यात ९० नव्हते, विश्वास नव्हता, कष्टही नव्हते. हात चाटून पोरगं निघायचं. आणि निघताना मराठी माणूस ‘जातो’ म्हणत नाही, हे आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही. तो म्हणतो ‘येतो’. दारातून उत्तर मिळतं ‘ये’.

त्या एका अक्षरात यश-अपयशाचा उल्लेखच नाही. पास होऊन ये, असं नाही. पहिला नंबर काढून ये, असंही नाही. नुसतं ये. पुढच्या फेब्रुवारीत पप्पा म्हणतील, ‘चांगलं काहीतरी टाइप करून दे रे, बहिणीचा पेपर आहे.’ तेव्हा फुलं, गणपती आणि ‘उज्ज्वल यश’ बाजूला ठेवा. फोन पप्पांच्याच हातात द्या आणि त्यांना सांगा, की घरात बोलता तसं, एवढं एकच अक्षर बोला.